आभार मानावेत, हजेरी घेऊ नये

इंग्लंडमधल्या लग्नाच्या मेजवानीत नवरदेवाची बोलण्यातून सुटका नसते. आपल्याकडे रिसेप्शनला नवरा-नवरी स्टेजवर उभी राहतात, रांग सरकत राहते, पाकीट हातात पडतं, फोटो निघतो. ‘जेवून जा हं’ यापलीकडे नवरदेवाने काही बोलावं अशी कुणाची अपेक्षा नसते. तिकडे मात्र क्रम ठरलेला आहे. आधी मुलीचे वडील उठतात, पाहुण्यांचं स्वागत करतात, मुलीच्या लहानपणीच्या दोन गोष्टी सांगतात, जावयाला घरात घेतल्याचं जाहीर करतात आणि जोडप्याच्या नावाने सगळ्यांना पेले उंचावायला लावतात. त्याला उत्तर द्यायला नवरदेव उठतो. शेवटी त्याचा जिवलग मित्र, ज्याला तिथे बेस्ट मॅन म्हणतात, नवरदेवाची यथेच्छ टिंगल करतो. आता बायकाही बोलतात, क्रमही कुठे कुठे बदलतो. पण मुलीकडच्यांनी बोलायचं आणि मुलाने उत्तर द्यायचं, हा गाभा टिकून आहे.

या मधल्या भाषणाचं मुख्य काम असतं दोन्ही घरांचे आभार मानण्याचं, आणि बहुतेक वेळा तेच बिघडतं. सुरुवातीला ‘माझ्या पत्नीच्या आणि माझ्या वतीने’ एवढं म्हटलं की हमखास टाळ्या पडतात, कारण ‘पत्नी’ हा शब्द तो चारचौघांत पहिल्यांदाच उच्चारत असतो. मग तो खिशातून कागद काढतो आणि नावं वाचू लागतो. दहाव्या नावानंतर लोक ताटातल्या उरलेल्या केककडे बघू लागतात. वाचणारा घाईला येतो, ऐकणारे टाळ्यांना कंटाळतात आणि ज्याचं नाव घेतलं जातं तो ‘झालं एकदाचं’ म्हणून खाली बघतो.

माझं म्हणणं असं आहे की नाव वाचल्याने आभार मानले जात नाहीत. आभार कृतीचे असतात. ती कोणी केली हे कळावं म्हणून नाव येतं. ज्याची कृती आपल्याला एका वाक्यात सांगता येत नाही, त्याचं नाव माइकवर घेऊ नये. त्याचे आभार मानायला दुसऱ्या जागा आहेत आणि त्या जास्त चांगल्या आहेत.

हे सुचलं ते भाच्याच्या लग्नामुळे. तो लीड्सला असतो, घर सांगलीचं. मुलगी यॉर्कशायरची. लग्न तिकडेच, एका शेतावरच्या जुन्या दगडी कोठारात. अशी कोठारं तिकडे समारंभांसाठी भाड्याने देतात. सकाळी अंतरपाट, दुपारी भाषणं, असा बेत. पाहुणे शंभराच्या आसपास, त्यातले वीसेक इथून गेलेले. त्याने भाषणाचा खर्डा मला पाठवला, कारण ‘मामा लिहितो’ अशी घरात माझी ख्याती आहे. खर्ड्यात चाळीस नावं होती. सोबत निरोप होता, “मामा, भाषा सुधार, पण एकही नाव गाळू नकोस. आई म्हणते, मोठ्या आत्याचं नाव राहिलं तर जन्मभर ऐकावं लागेल.”

म्हणजे यादी कृतज्ञतेपोटी आलेली नव्हती, भीतीपोटी आली होती. कुणीतरी राहून जाईल, कुणीतरी रुसेल, या धाकाने माणूस नावं जमवत जातो. आणि गंमत अशी, की ज्या रुसव्याला तो भीत असतो तो रुसवा यादीतूनच जन्मतो. तुम्ही तीस जणांची नावं घेतलीत की एकतिसाव्याचा अपमान झाला. चार जणांची नावं घेतलीत आणि प्रत्येक नावाला कारण दिलंत, तर उरलेल्यांना आपण ‘राहिलो’ असं वाटत नाही, कारण मुळात हजेरी घेतलेलीच नसते. आपल्याकडे आभारप्रदर्शनाच्या शेवटी ‘अनवधानाने कुणाचा नामोल्लेख राहिला असल्यास क्षमस्व’ म्हणायची पद्धत आहे. हे वाक्य यादीला जोडावंच लागतं, यातच यादीची हार आहे.

थोडा हिशेबही करावा. इंग्रजीत सभेपुढे बोलताना मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द जातात. नवरदेवाने सहा-सात मिनिटांत आटपावं असं तिथे मानतात, म्हणजे हाताशी शब्द फार तर ९००. ‘आणि इचलकरंजीहून आलेले माझे धाकटे काका आणि काकू’ अशा एका उल्लेखाला पाच सेकंद धरा. चाळीस उल्लेखांना २०० सेकंद लागतात. मध्येच कुणीतरी टाळी वाजवली की प्रत्येकासाठी वाजवावी लागते. ती धरली तर पाच मिनिटं गेलीच. उरलेल्या दीड-दोन मिनिटांत आई-वडील, सासू-सासरे आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती बायको बसवायची. त्यांच्या वाट्याला मग ‘तुम्ही नेहमीच माझ्या पाठीशी उभे राहिलात’ हे वाक्य येतं. हे वाक्य कुणाही मुलाने कुणाही बापाला म्हणावं, चालतं.

खर्डा तपासायची माझी कसोटी हीच होती. वाक्यातलं नाव काढून दुसरं घाला. वाक्य तरीही खरं राहत असेल, तर ते वाक्य मेलेलं आहे. ‘माझ्या आईच्या त्यागाशिवाय मी इथे नसतो’ यात आईच्या जागी बाबा घाला, आजी घाला, काही बिघडत नाही. म्हणून ते ऐकताना आईच्याही डोळ्यांत पाणी येत नाही.

आता यादीच्या बाजूने जे बोलता येईल तेही बोलायला हवं. आपल्या लग्नात नावांना खरोखर महत्त्व असतं आणि ते खोटं नाही. पत्रिकेत ‘स्नेहांकित’ आणि ‘व्यवस्थापक’ यांच्याखाली भावकीतली नावं ओळीने छापतात. चिमुरड्यांनाही ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणून जागा मिळते. हौशी काका दोन्ही घरांतली नावं गुंफून मंगलाष्टकं रचतो आणि ती शार्दूलविक्रीडितात बसवताना एखाद्या आत्याच्या नावाची ओढाताण होते. गावाकडे तर मांडवात नवरा-नवरी ताटकळत असतात आणि माइकवरून आलेल्या पुढाऱ्यांचं, सरपंचांचं, कारखान्याच्या संचालकांचं स्वागत चाललेलं असतं. मुहूर्त टळतो, पण नाव टळत नाही. ज्याचं नाव पुकारलं जातं त्याला सुख वाटतं, हे मान्य.

पण हे सगळं कोण करतं ते बघा. पत्रिका यजमान छापतो. स्वागत यजमान करतो. आहेराची वही यजमान ठेवतो, कुणी काय दिलं ते लिहितो आणि त्याच्या घरच्या कार्यात तेवढंच परत करतो. ही गावाची, भावकीची देवघेव आहे आणि तिला नोंद लागते, म्हणून तिथे यादी शोभते. इंग्रजी मेजवानीत ही यजमानकी रूढीने मुलीच्या वडिलांकडे असते आणि पाहुण्यांचं स्वागत त्यांच्या भाषणात होऊन गेलेलं असतं. नवरदेव यजमान नाही. तो घेणारा आहे. त्याच्या हातात दोन्ही घरांनी काहीतरी ठेवलेलं आहे आणि ते काय ठेवलं एवढंच त्याने सांगायचं आहे. यजमानाचं काम नवरदेवाने अंगावर घेतलं, की स्वागत दोनदा होतं आणि उत्तर एकदाही होत नाही.

दुसरी अडचण आपल्या स्वभावातली आहे. घरच्या माणसाचे आभार मानणं आपल्याला मनातून पटत नाही. मावशीला ‘तुझे मनःपूर्वक आभार’ म्हणा, ती म्हणेल, “आभार कसले मानतोस, मी काय परकी आहे?” सभेत हीच भावना ‘आभार न मानता मी त्यांच्या ऋणात राहणं पसंत करीन’ या गुळगुळीत वाक्यात येऊन बसली आहे. म्हणून सांगलीहून गेलेल्या मंडळींना नावांची यादी आणि तिच्या शेवटी ‘थँक यू’ हे आणखीच कोरडं लागतं. पण तिने काय केलं ते चारचौघांत सांगितलं, तर मावशी परकी होत नाही. ती आठवण होते. इंग्रज पाहुण्यांना आभार ऐकू येतात आणि मराठी पाहुण्यांना आठवण, दोघांचंही समाधान एकाच वाक्यात होतं.

याचा एक नमुना आपल्याच घरात आहे. उखाण्यात जोडीदाराचं नाव नुसतं घेत नाहीत. आधी काहीतरी चित्र उभं करायचं, कान टवकारायला लावायचे आणि मग शेवटच्या चरणात नाव सोडायचं. ऐकणारे नावाची वाट बघत असतात, म्हणून ते आलं की हशा आणि टाळ्या एकदम येतात. यादीत हा क्रम उलटतो. नाव आधी येतं आणि मागाहून काही येतच नाही. भाच्याला मी एवढंच सांगितलं, की प्रत्येक वाक्यात आधी काय घडलं ते सांग, कुणी केलं ते शेवटी. तू नाव घेण्याआधीच लोकांनी त्या माणसाकडे वळून बघायला पाहिजे.

मग आम्ही चाळीस नावांची वाटणी केली. छायाचित्रकार, स्वयंपाकवाले, फुलवाली, गाडीवाला ही नावं आधी काढली. त्यांचे पैसे वेळेवर चुकते करणं आणि नंतर दोन चांगले शब्द लिहून देणं हे त्यांना माइकवरच्या नावापेक्षा जास्त उपयोगाचं. हार गुंफणारे, खुर्च्या मांडणारे, कोठार सजवणारे मित्र टेबलावरच्या छापील पत्रकावर गेले. तिथे नाव वाचायला मिळतं, घरी नेता येतं आणि कुणाला ऐकत बसावं लागत नाही. काका, मामा, चुलतभावंडं यांच्या टेबलापाशी नवरा-नवरी जोडीने जाणारच होती. त्यांचे आभार तिथे, हात हातात घेऊन. भाषणात उरले सहा उल्लेख: त्याचे आई-वडील, सासू-सासरे, इथून गेलेले वीस जण मिळून एक, आत्या, बेस्ट मॅन, आणि नवरीच्या करवल्या, कारण त्यांच्या नावाने पेला उंचावून भाषण संपवण्याची तिथली जुनी रीत आहे.

आई आणि सासूबाई यांच्यासाठी खर्ड्यात दोन वेगळे परिच्छेद होते, दोन्ही सारखेच गोड आणि सारखेच पोकळ. “त्या दोघींनी मिळून काही केलंय का?” असं मी विचारलं. तो हसला. त्याच्या सासूबाईंनी जावयासाठी पुरणपोळी शिकायची म्हणून व्हिडिओ कॉलवर आईला गाठलं होतं. आईचं इंग्रजी बेताचं, सासूबाईंचं मराठी शून्य. आई म्हणे, एक वाटी डाळ, एक वाटी गूळ. सासूबाईंनी विचारलं, वाटी म्हणजे किती ग्रॅम? आईने स्वयंपाकघरातली वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. मग सासूबाईंनी घरातलं एकेक भांडं दाखवायला सुरुवात केली आणि आई ‘याहून लहान’, ‘नाही, थोडी मोठी’ असं करत राहिली. शेवटी सासऱ्यांचा दाढीचा कप बरोबर त्या मापाचा निघाला.

हे खर्ड्यात कुठेच नव्हतं, कारण त्याला ते आभाराच्या लायकीचं वाटलं नव्हतं. आम्ही ते असं बसवलं: “माझ्या आईने आयुष्यात कधी काही वजन करून रांधलेलं नाही. माझ्या सासूबाईंनी कधी वजन केल्याशिवाय रांधलेलं नाही. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरीही गेल्या हिवाळ्यात त्या तासभर बोलल्या आणि त्यातून एक पुरणपोळी तयार झाली, तिचं माप म्हणून माझ्या सासऱ्यांचा दाढीचा कप गेला. मी ज्या दोन घरांचा आहे ती कशी जुळली, हे मला त्या दिवशी कळलं.” एवढ्यात दोन्ही आयांचे आभार झाले आणि सासऱ्यांचाही उल्लेख होऊन गेला. ‘आभार’ हा शब्द एकदाही आला नाही. दोन्ही घरं एकाच वाक्यात आल्यामुळे कुणाला जास्त, कुणाला कमी हा प्रश्नही मिटला. दोन घरांचा तोल नावं मोजून साधत नाही. दोन्हीकडची माणसं एकत्र येऊन काही करतात अशी एक तरी गोष्ट शोधली, तर तो आपोआप साधतो. अशी गोष्ट नसेल, तर दोन्हीकडची एकेक, सारख्याच वजनाची घ्यावी. एका बाजूला विनोद आणि दुसऱ्या बाजूला अश्रू असं केलं, तर विनोदाच्या बाजूचे लोक घरी जाऊन बोलतात.

आयांचा उल्लेख एवढा जपून करण्याला तिथे आणखी एक कारण आहे. परंपरेने भाषणं तिघा पुरुषांची. आयांना नवरदेवाच्या हातून एकेक पुष्पगुच्छ मिळतो आणि त्या खाली बसतात. इंग्लंड आणि वेल्सच्या विवाहनोंदीत तर ४ मे २०२१ पर्यंत वधू-वरांच्या फक्त वडिलांचं नाव आणि व्यवसाय लिहिण्याची सोय होती. आईसाठी रकानाच नव्हता. कागदावर तो आता आला आहे. भाषणात अजून बऱ्याचदा पुष्पगुच्छावरच भागतं. पुष्पगुच्छ द्यायचाच असेल तर वाक्याच्या नंतर द्यावा, वाक्याऐवजी देऊ नये.

सासऱ्यांच्या बाबतीत मी भाच्याला काहीच लिहू दिलं नाही. त्यांचं भाषण याच्या आधी होणार होतं आणि याचं भाषण त्याला उत्तर होतं. उत्तर आधीच लिहून आणलं, तर ते उत्तर राहत नाही. कार्डावर वरच्या तीन ओळी कोऱ्या सोडायच्या, ते बोलत असताना पेन हातात ठेवायचं आणि त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट उचलायची. फक्त आधी फोन करून कुणी कुणाचे आभार मानायचे ते ठरवून घ्यायचं, म्हणजे भारतातून आलेल्या पाहुण्यांचं स्वागत तिघांकडूनही होणार नाही. प्रत्यक्षात सासरे असं म्हणाले, की मुलगी पहिल्यांदा सायकल चालवायला लागली तेव्हा मागचा हात कधी सोडला हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. भाच्याने कोऱ्या जागेत चार शब्द खरडले आणि उठून म्हणाला, “तुम्ही हात सोडला असं म्हणालात. पण मागच्या महिन्यात आमच्या घरातला नळ गळायला लागला, तेव्हा ती मला न विचारता थेट तुम्हाला फोन करत होती. हात सोडू नका. मला नळ दुरुस्त करता येत नाही.” हे आदल्या रात्री कुणाला लिहिता आलं नसतं.

इथून गेलेल्या वीस जणांसाठी एक सामाईक कृती होती, आणि ती सगळ्यांनी सारखीच केली होती. “तुमच्यापैकी काही जण आज सकाळी गाडीने तासाभरात आलात. माझ्या घरची मंडळी इथे येण्याआधी पुण्याच्या व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे देऊन आली, बँकेचे कागद दाखवून आली आणि आपण परत जाणार आहोत हे एका अनोळखी माणसाला पटवून आली. माझ्या लग्नाला येण्यासाठी त्यांना आधी लग्नाहून परत जायचं वचन द्यावं लागलं.” इथे वीस नावं वाचली असती तर इंग्रज पाहुण्यांना काहीच कळलं नसतं. आता त्यांना कळलं की शेजारच्या टेबलावरच्या नऊवारीतल्या बाई काय करून इथे पोचल्या आहेत. पुढचा तासभर ते त्यांच्याशी बोलायला येत होते.

राहिली मोठी आत्या. तिच्यासाठी तीन वाक्यं राखली. “इंग्लंडात मुंडावळ्या मिळणार नाहीत, असं मी घरी कळवलं होतं. माझ्या आत्याने चार जोड आणले. दोन आमच्यासाठी आणि दोन, मी हरवीन म्हणून; ती मला ओळखते.” आत्या रुसण्याचा प्रश्न उरला नाही. आता ती हे इतरांना सांगते.

न आलेल्या माणसांचं काय, हा नाजूक भाग. आजोबा वारले होते आणि त्यांचा उल्लेख हवाच असं माझ्या बहिणीचं म्हणणं. दिवंगतांसाठीही तोच नियम. ‘आज ते असते तर’ हे वाक्य सगळ्यांच्या आजोबांना लागू होतं. भाच्याने म्हटलं की आजोबांनी त्याला घड्याळ लावायला शिकवलं, रोज संध्याकाळी सातला, आणि आजही परदेशात तो सातला मनगटाकडे बघतो. बस. हे वाक्य भाषणाच्या मध्यावर ठेवलं, शेवटी नाही, कारण डोळे पुसणाऱ्या लोकांना लगेच पेला उचलायला सांगणं क्रूरपणाचं होतं. आणि बहिणीला आधी सांगून ठेवलं, म्हणजे सगळ्यांसमोर तिची तारांबळ उडू नये. आई-वडील विभक्त असतील तिथेही हाच मार्ग बरा. दोघांची नावं एका दमात घेऊन खोटं जोडपं उभं करू नये; प्रत्येकाची एक कृती, स्वतंत्र वाक्यात, मध्ये दुसरं काही बोलून.

भाषेचा प्रश्न उरतो. आईसाठीचं एखादं वाक्य मराठीतच म्हणावं, तिच्याकडे बघून, आणि ते छोटं असावं. त्याचा सारांश इंग्रजीत नंतर द्यावा. आधी इंग्रजी आणि मग भाषांतर असं केलं, की आईला सगळ्यांच्या नंतर हसावं लागतं. तिच्या मुलाच्या लग्नात तिने आधी हसावं.

यावर आक्षेप येईल, की हे सगळं गोष्टीवेल्हाळ, बोलक्या मुलांना जमतं. बुजऱ्या मुलाने काय करावं? माझा अनुभव उलटा आहे. बोलका मुलगा यादीतही दोन विनोद घुसवून वेळ मारून नेतो. बुजऱ्याला यादी जास्त घातक, कारण तिच्यात त्याला आधार देणारं काही नसतं. नजर कागदावर, आवाज सपाट, आणि एखादं नाव चुकलं की धीर खचतो. घडलेली गोष्ट सांगायला पाठांतर लागत नाही. ती घडली होती, म्हणून ती येते. त्याने चारच गोष्टी सांगाव्यात, तीन मिनिटांत बसावं. कमी बोलला म्हणून कुठल्याही नवरदेवाला कुणी नावं ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. गोष्ट सांगितली की निवड दिसते. ज्याची गोष्ट सांगितली तो जवळचा आणि बाकीचे लांबचे असं होत नाही का? होतं, थोडंफार होतंच. पण आई-वडील जवळचे आणि चुलत काका त्यामानाने लांबचे, हे काकांनाही ठाऊक असतं. काकांना दुखतं ते आपल्या बरोबरीच्या दुसऱ्या काकांचं नाव आलं आणि आपलं नाही, तेव्हा. म्हणून एका पायरीवरच्या माणसांतून एकाला उचलू नये. उचललंच, तर आत्यासारखं असं कारण हवं की ते बाकीच्यांनाही पटेल. चार काकांपैकी एकाच काकाचं कौतुक करायचा मोह झाला, तर तो त्या काकाच्या टेबलापाशी पुरा करावा.

इथे पुण्या-मुंबईतही रिसेप्शनला नवरदेवाच्या हातात माइक द्यायची पद्धत आता दिसू लागली आहे. त्याच्यासमोर यजमानांची यादी तयार असते आणि तीच वाचायचा मोह त्याला होणार. त्याने ती वाचू नये. यादी फाडूही नये. तीच यादी लग्नानंतर पुढ्यात घेऊन बसावं आणि त्यातल्या प्रत्येकाला महिन्याभरात स्वतःच्या हाताने चार ओळी लिहाव्यात, त्याने काय दिलं, काय केलं ते नेमकं सांगून. चाळीस नावं असतील तर रोज दोन पत्रांप्रमाणे वीस दिवसांचं काम आहे. ते टाळायचं असेल, तर माइकवर नाव घेऊन ते टाळता आलं असं समजू नये.